धसक्यानंतरची वीस मिनिटे : उपकेंद्रातील प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या उपकेंद्रात या महिन्यापासून एक छोटा प्रकल्प हाती घेतला आहे. मनावर अचानक धसका बसतो, छाती धडधडते, हातपाय थरथरतात आणि नंतर तासभर माणूस कामाचा राहत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना चालणे आणि हलका व्यायाम नेमका किती, केव्हा आणि कसा सांगावा, हे प्रत्यक्ष नोंदी ठेवून पाहायचे आहे. पाच जणांशी बोलणे झाले होते. त्यांतील तिघे पेरणीच्या धांदलीत गुंतल्याने मागे पडले. चौथ्या एक काकू आहेत, त्यांच्याविषयी पुढे लिहीन. या नोंदी मुख्यतः पाचव्या व्यक्तीच्या आहेत. वय ४६, पाच एकर कोरडवाहू वावर, गावात सगळे त्यांना दादा म्हणतात आणि मीही तेच म्हणते.

दादांना धसका बहुधा फोन वाजल्यावर बसतो, कारण फोन कर्जवसुलीचा असतो. मे महिन्यात असाच एक फोन आल्यावर त्यांना हा हृदयविकाराचा झटकाच आहे असे वाटले आणि मुलाने मोटरसायकलवर बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तेथे ईसीजी, रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासले गेले. थायरॉइडसाठी रक्त पाठवले, त्याचाही अहवाल ठीक आला. या तपासण्या झाल्याखेरीज मी कोणालाही चालण्याचा सल्ला देणार नाही, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ठरवले आहे, कारण रक्त कमी असेल किंवा थायरॉइड वाढलेले असेल तरीही छाती अशीच धडधडते.

मरणाचे विचार येतात का, हे मी त्यांना सरळ विचारले. ‘कदी कदी वाटते, पन पोरीचं तोंड दिसते,’ असे ते म्हणाले. मी हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवले, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची तारीख घेतली, १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक त्यांच्या आणि मुलाच्या फोनमध्ये टाकून दिला आणि घरातील फवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवून किल्ली स्वतःजवळ ठेवण्यास मुलाला सांगितले. चालणे या सगळ्याच्या जागी नाही, सोबत आहे.

१४ जून २०२४

पहिले अकरा दिवस काहीही न बदलता केवळ नोंदी ठेवल्या. धसका बसला की वेळ लिहायची, भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यायचे आणि गुण तीनच्या खाली आल्यावर पुन्हा वेळ लिहायची, एवढेच काम दादांकडे होते. या काळात नऊ धसके बसले. सहा फोननंतर, दोन पहाटे तीनच्या सुमारास आणि एक कारणावाचून. धसका बसला की दादा खाटेवर पडून राहत आणि उतरायला कमीत कमी ३५ मिनिटे, जास्तीत जास्त दीड तास लागत असे.

हा दीड तास मला खटकला. भीतीच्या वेळी सुटणारे अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात फार काळ टिकत नाही. दोन-तीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग धसका तासभर का टिकावा? दादांना पडल्या पडल्या काय वाटत होते ते विचारल्यावर उलगडा झाला. छाती धडधडली की ‘हे काय होऊन रायलं’ हा विचार येतो, त्या विचाराने मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पुन्हा थोडे अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात, छाती पुन्हा धडधडते आणि चक्र चालू राहते. दीड तास टिकणारा तो एक धसका नसून एकामागोमाग एक लागलेले वीस-पंचवीस छोटे धसके असतात. शिवाय कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक सावकाश चढते आणि सावकाश उतरते, त्यामुळे पहिला भर ओसरल्यावरही अंगात एक किरकिर राहते.

१५ जून २०२४

उपकेंद्राच्या भिंतीवर लावण्यासाठी मी एक तक्ता केला होता : ‘चाला आणि अ‍ॅड्रिनॅलिन जाळून टाका’. आज तो उतरवला. अ‍ॅड्रिनॅलिन चालण्याने जळत नाही. यकृतातील आणि इतर पेशींतील विकरे ते मोडतात आणि माणूस खाटेवर असो की रस्त्यावर, ते काम चालूच असते. उलट जोराच्या व्यायामाने अ‍ॅड्रिनॅलिन वाढते. जळते ते दुसरेच काहीतरी. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली मांडले त्याप्रमाणे भीतीच्या क्षणी शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, चरबीतून स्निग्धाम्ले बाहेर पडतात, मांड्या-पोटऱ्यांकडे रक्त वळते, श्वास वाढतो. कर्जाच्या फोनपुढे लढता येत नाही आणि पळताही येत नाही, त्यामुळे ही सगळी शिदोरी बांधलेली राहते. चालल्याने ती स्नायूंच्या कामी येते.

मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. खाटेवर पडलेल्या माणसाच्या धडधडीला काही कारण दिसत नाही, म्हणून ती भयंकर वाटते. तीच धडधड भरभर चालताना असली तर तिला कारण मिळते आणि नव्या धसक्याचे इंधन तुटते. तक्त्यावर हे सगळे मावणार नाही, म्हणून तूर्त भिंत रिकामीच ठेवली आहे.

१८ जून २०२४

आजपासून चालणे सुरू केले आणि पहिल्याच दिवशी चूक झाली. मी ‘धसका बसला की निघायचं, भरभर चालायचं’ एवढेच सांगितले होते. दादा सकाळी फोन आल्यावर घरातून निघाले ते पांदणीने जवळजवळ धावतच वावरापर्यंत गेले आणि धुऱ्यावर पोहोचताच एकदम बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली, ओकारीसारखे झाले आणि आता खरेच काही होते आहे असे वाटून पहिल्याहून मोठा धसका बसला. शेजारच्या वावरातल्या माणसाने त्यांना गाडीवर घालून उपकेंद्रात आणले. मी पाहिले तेव्हा नाडी १२४ होती, रक्तदाब थोडा कमी होता, पाणी पाजून पाय उंच करून निजवल्यावर पंधरा मिनिटांत ठीक झाले.

चूक माझी. धावताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबले की तो पंप बंद पडतो, पायांतल्या मोकळ्या झालेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचते आणि मेंदूकडे कमी पोहोचते. व्यायामाच्या शेवटी वेग हळूहळू कमी करायचा असतो हे मला पाठ आहे, पण घाबरलेल्या माणसाला सांगताना मी नेमके तेच गाळले.

२१ जून २०२४

नवी आखणी केली. घर ते मारुतीचे देऊळ आणि परत, एकूण वीस मिनिटे. पहिली तीन मिनिटे नेहमीच्या चालीने. मग बारा मिनिटे अशा वेगाने की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता यावे पण भजन म्हणता येऊ नये. शेवटची पाच मिनिटे पावलागणिक सावकाश, दारात येईपर्यंत गुरे हाकत येतो तितक्या चालीने. दारात आल्यावरही लगेच बसायचे नाही, अंगणात दोन फेऱ्या घालायच्या. दादांसाठी ही भाषा आकड्यांपेक्षा सोपी पडली. आकडेही मी काढून ठेवले : २२० उणे वय हा ठोकताळा घेतला तर १७४ येतात आणि त्याचे ५५ ते ६५ टक्के म्हणजे मिनिटाला ९६ ते ११३ ठोके. पण दादांनी चालताना नाडी मोजायची नाही असे ठरवले, कारण नाडीकडे सारखे लक्ष देणे हाच त्यांच्या धसक्याचा अर्धा भाग आहे. नाडी मी मोजीन, निघण्यापूर्वी आणि परतल्यावर.

आशाताई आज सोबत चालल्या. त्यांनी वाटेत तुरीच्या वाणाची चौकशी केली, म्हणून बोलण्याची कसोटी आपोआप झाली.

२७ जून २०२४

पहिला आठवडा. चार धसके, त्यांपैकी तीन वेळा दादा निघाले. एक प्रकरण सविस्तर लिहिते, कारण त्यात मला अपेक्षा नसलेली गोष्ट दिसली.

सकाळी ८.१० ला फोन. ८.१४ ला दादा उपकेंद्राच्या दारात, नाडी ११८, भीती आठ. चेहरा ओढलेला, हाताची बोटे आणि ओठांभोवती मुंग्या. या मुंग्या घाबरून जलद श्वास घेतल्याच्या असतात. शरीराला गरज नसताना श्वास वाढला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, हलके डोके, छाती आवळल्यासारखे वाटणे हे सगळे येते. एरवी मी ‘खोल श्वास घ्या’ म्हटले असते आणि मागच्या एका रुग्णाला तसे म्हटलेही होते. त्याने आणखी जोरजोरात श्वास घेतले आणि मुंग्या वाढल्या. आज तसे काही न सांगता त्यांना चालायला लावले आणि मीही सोबत निघाले. स्नायू कामाला लागले की कार्बन डायऑक्साइड स्वतःच तयार करतात, म्हणजे वाढलेल्या श्वासाला काम मिळते. देवळाच्या अलीकडे, म्हणजे साधारण सात मिनिटांनी, मुंग्या गेल्या. तेथे मी इतकेच सांगितले की तीन पावलांत श्वास आत आणि चार-पाच पावलांत बाहेर जाऊ द्या, जोर न लावता.

देवळापाशी मी नाडी मोजली. ११६. म्हणजे ती जवळजवळ तेवढीच होती! भीती मात्र दादांनी चार सांगितली. ‘आता धडधडते, पन भेव नाई वाटत. चाललो म्हून धडधडून रायलं.’ मी महिनाभर जे समजावून सांगू पाहत होते ते त्यांनी अशा एका वाक्यात सांगितले. ८.४० ला परत आल्यावर भीती दोन, दहा मिनिटांनी नाडी ८४.

२ जुलै २०२४

बाकी दोन वेळांची नोंद तितकी चांगली नाही. दोन्ही वेळा उतरायला ४५ मिनिटांच्या वर लागले. चौकशीअंती कळले की निघताना दादा पुडीतला खर्रा तोंडात टाकत. ‘खर्रा खाल्ला की जरा बरं वाटते जी.’ तंबाखूतील निकोटिन त्याच ग्रंथींना डिवचून अ‍ॅड्रिनॅलिन सोडायला लावते, म्हणजे एका हाताने चूल विझवायची आणि दुसऱ्या हाताने फुंकायची असा प्रकार. बरे वाटते ते तलफ भागल्याने. मी खर्रा सोडा असे म्हटले नाही. सध्या ते होणार नाही आणि आपण हरलो या भावनेने नोंदवहीही सुटेल. ‘धसका बसल्यापासून चालणं संपून अर्धा तास होईपर्यंत नाही,’ एवढेच ठरवले. पुडी निघताना मुलाकडे द्यायची. दिवसाचे सात कप चहा चारवर आणायचेही त्यांनी मान्य केले, पण ते कितपत पाळले जाते हे मी विचारत नाही.

९ जुलै २०२४

पाऊस लागून राहिला आहे, पांदणीत गुडघाभर चिखल. शिवाय पहाटे तीनचे धसके आहेतच, आणि त्या वेळी अंधारात साप व रानडुकरे असताना कोणालाही बाहेर पाठवणे वेडेपणाचे होईल. मे महिन्याच्या दुपारीही हाच प्रश्न येईल. उन्हाने नाडी आधीच वाढलेली असते आणि पाणी कमी पडलेले असते, तेव्हा भर उन्हात भरभर चालणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे.

म्हणून ओसरीवरची एक रीत बसवली. मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठे, म्हणून त्यांनाच काम द्यायचे. खाटेवरून हात न टेकता दहा वेळा सावकाश उठायचे आणि बसायचे. मग भिंतीला हात लावून टाचा वीस वेळा उचलायच्या. मग दोन मिनिटे ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. असे तीन वेळा, एकूण दहा-बारा मिनिटे, शेवटची फेरी सर्वांत हळू. उठताना श्वास सोडायचा. दादा पहिल्यांदा श्वास रोखून, दात आवळून उठत होते, त्याने रक्तदाब चढतो आणि डोके भणभणते. रात्री घाम येईपर्यंत करायचे नाही, कारण मग झोप पार उडते. अंग कोमट व्हावे इतकेच पुरे.

पहाटेच्या दोन धसक्यांत हे करून पाहिले. एकदा २५ मिनिटांत उतरला आणि झोप लागली. दुसऱ्यांदा उतरला, पण झोप लागली नाही. ते बरोबरच आहे. चालणे धसक्यावर चालते, हप्त्याच्या काळजीवर चालत नाही.

६ ऑगस्ट २०२४

आजची नोंद सर्वांत महत्त्वाची समजून लिहिते. दुपारी दादा पऱ्हाटीवर फवारणी करून घरी आले. घाम, थरथर, छातीत अस्वस्थता. घरच्यांना वाटले नेहमीचा धसका, आणि दादा स्वतः चालायला निघाले. मुलाने मला फोन केला हे नशीब. मी गेले तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या होत्या आणि दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. भीतीच्या अ‍ॅड्रिनॅलिनने बाहुल्या मोठ्या होतात आणि तोंडाला कोरड पडते. येथे दोन्ही उलट. हे ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेचे चित्र होते. कपडे काढून साबणाने अंग धुतले, चालू न देता गाडीत निजवून नेले, औषधाची बाटली सोबत दिली. रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन दिले आणि रात्री त्यांना बरे वाटू लागले. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही; तरी एकदा ‘यांना धसके बसतात’ असा शिक्का बसला की घरचे आणि आम्हीही डोळे मिटतो.

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून दिले : फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असे झाले तर चालायचे नाही, आधी फोन करायचा. त्याखालीच लिहिले की चालताना छातीतले दुखणे वाढत गेले, डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, किंवा चक्कर येऊन पडल्यासारखे झाले, तरीही थांबायचे.

२० ऑगस्ट २०२४

दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरुवात. आकडे चांगले दिसतात, सरासरी २० ते २५ मिनिटांत धसका उतरतो. पण एक गोष्ट मला आवडली नाही. दादा आता फोन वाजताच तो खाटेवर टाकून बाहेर पडतात. म्हणजे चालणे हे फोन न उचलण्याचे निमित्त झाले आहे. हप्त्याविषयी काय बोलणे झाले हे त्यांना माहीतच नसते, त्यामुळे पुढच्या वेळी फोन वाजला की भीती अधिक. मी विचारले तेव्हा ते जरा रागावले : ‘तुमीच तं चाला म्हनलं.’ खरे होते.

क्रम बदलला. आधी फोन घ्यायचा, शक्य असल्यास मुलासमोर; समोरचा काय म्हणाला ते वहीत एका ओळीत लिहायचे, रक्कम आणि तारीख; मग निघायचे. धडधडत्या छातीने फोनवर दोन मिनिटे बसणे त्यांना कठीण जाते, म्हणून उभे राहून, ओसरीवर येरझाऱ्या घालत बोलायची मुभा दिली.

४ सप्टेंबर २०२४

परवा पोळा झाला. आज सकाळी ७.५० ला फोन. दादांनी तो घेतला आणि वहीत लिहिले : ‘पंदरा तारीख. अर्दे भरले तं चालते म्हने.’ ही सवलत समोरच्याने यापूर्वीही दिली होती की काय हे आता कळायला मार्ग नाही, कारण आधीचे फोन त्यांनी उचललेच नव्हते. भीती सहा. ७.५८ ला निघाले, खर्रा मुलाकडे. ८.१८ ला परत, भीती दोन. परत येताना त्यांनी बैलांच्या शिंगांवरचे सुटलेले बेगड गोळा करून आणले होते, ते ओसरीत ठेवले आणि अंगणातल्या दोन फेऱ्या विसरले. मी आठवण करून दिल्यावर घातल्या.

चौथ्या काकूंचे काम आजपासून. वय ५२, धसके दुपारचे, सून बाळंतपणाला गेल्यापासून घरी एकट्याच. दादांचा रस्ता त्यांना चालणार नाही, कारण ‘बाई रिकामी फिरते’ असे कोणी म्हटले की तोच नवा धसका. त्यांनीच सुचवले की हातात रिकामी बादली घेऊन हातपंपापर्यंत जाईन आणि येताना अर्धीच भरून आणीन. जाण्याचे अंतर मी मोजून आले, चारशे पावले. तीन फेऱ्या केल्या तर वीस मिनिटे भरतील, पण भरलेली बादली शेवटच्या फेरीत नको, पहिल्या दोनमध्येच. शेवटची रिकाम्या हाताने, सावकाश. उद्या सकाळी त्यांचे हिमोग्लोबिन तपासायचे आहे.